वऱ्हाडी सिनेमातल्या शिव्या: सेन्सॉर मोजते का तोलते?

गजानन_आर्णी
नमस्कार मंडळी. आमच्याकडं एक वऱ्हाडी सिनेमा तयार झाला आहे. १०४ मिनिटांचा, कापूस आणि सावकारीवरचा. संकलन संपलं, आवाजाचं काम बाकी आहे. निर्मात्याला यूए १३+ प्रमाणपत्र पाहिजे. तालुक्याच्या टॉकीजमध्ये आणि जत्रेतल्या तंबूत लोक घरादारासकट येतात, आणि पुढं टीव्हीलाही द्यायचा आहे.

शिव्यांची यादी अशी: "लेकाच्या" तर वाक्यावाक्याला आहे. "साला" ६ वेळा. "रांडीच्या" ३ वेळा, त्यात दोनदा आजा नातवाला लाडानं म्हणतो आणि एकदा सावकार कास्तकाराला म्हणतो. जिनिंगच्या भांडणात एक "भडव्या", तोही पडदाभर चेहऱ्यावर. बैलगाडीचं जू पायावर पडते तेव्हा "तुह्या मा..." एवढीच अर्धी शिवी. सावकाराच्या तोंडी एकदा जातीचं नाव, शिवीसारखं. आणि हातपंपावर बायका पाणी भरताना एक दुअर्थी वाक्य.

किती चालतात? आकडा सांगा म्हणजे तेवढ्या ठेवून बाकीच्या काढतो.

पोट्टा_तिवस्याचा
भाऊ, साधा हिशोब हाय. एक मोठी शिवी चालते, दोन झाल्या की मोठ्यांचं सर्टिफिकेट. जगभर हाच नियम हाय. तुमची "भडव्या" एक ठेवा, अर्धीवाली काढून टाका, झालं.

रेवती_अमरावती
तिवस्याचे भाऊ, हा नियम खरा आहे, पण तो अमेरिकेतला आहे. आणि तिथंही तुम्ही म्हणता तितका सरळ नाही.

तिथल्या मंडळाचे परीक्षक पालक असतात. त्यांच्या नियमाप्रमाणे लैंगिक अर्थातून आलेला कडक शब्द नुसता उद्गार म्हणून एकदा आला, तर सिनेमा निदान पीजी-१३ होतो, म्हणजे तेराखालच्या पोरांसाठी पालकांना सावध करणारा दर्जा. एकापेक्षा जास्त वेळा आला तर आर, म्हणजे सतराखालच्याला मोठ्या माणसासोबतच प्रवेश. पण तोच शब्द खऱ्याखुऱ्या लैंगिक अर्थानं एकदाच आला, तरी आर. म्हणजे मोजणीच्या आधी त्यांनाही अर्थ बघावाच लागतो. वर आणखी एक पळवाट आहे: दोन तृतीयांश परीक्षकांनी खास मतदान करून म्हटलं, की बहुतेक पालकांना या संदर्भात हा शब्द खटकणार नाही, तर जास्त वेळा येऊनही पीजी-१३ देता येतो. इराकमधल्या सैनिकांवरच्या 'गनर पॅलेस' या माहितीपटाला २००५ मध्ये अपिलात पीजी-१३ मिळाला, आणि त्यात तो शब्द चाळीसेक वेळा आहे.

सगळ्यांत चांगलं उदाहरण 'द किंग्ज स्पीच'चं. तोतरा राजा बोलण्याचा उपचार घेताना मुद्दाम शिव्यांची सरबत्ती करतो, कारण शिवी देताना त्याची जीभ अडखळत नाही. ब्रिटनच्या मंडळानं आधी १५ दिलं, म्हणजे पंधराखालच्याला प्रवेश नाही. निर्मात्यांनी फेरविचार मागितल्यावर १२ए झालं, म्हणजे बाराखालचाही मोठ्या माणसासोबत जाऊ शकतो: शिव्या कुणावर रागानं फेकलेल्या नाहीत, उपचाराचा भाग आहेत, आणि एकदोन जागीच गोळा झालेल्या आहेत. अमेरिकेत त्याच सिनेमाला आर मिळालं, आणि २०११ मध्ये पीजी-१३ साठी शिव्यांना कात्री लावून वेगळी प्रत काढावी लागली. सिनेमा एक, शब्द तेच, आणि दोन देशांत दोन निकाल. एकानं आधी मोजलं, दुसऱ्यानं आधी तोललं.

आपल्याकडं आकडा नाहीच. गजाननभाऊ, तुमचा प्रश्न "किती" असा आहे. आपल्या मंडळासमोर तो "कोण, कुणाला, कशासाठी" असा होतो.

पोट्टा_तिवस्याचा
पण ताई, मंडळानं शब्दांची यादी काढली होती ना? बातमीत वाचलं होतं.

रेवती_अमरावती
काढली होती, फेब्रुवारी २०१५ मध्ये. इंग्रजी आणि हिंदी मिळून २८ शब्द होते. मंडळाच्या सदस्यांनीच विरोध केला आणि काही दिवसांत ती बाजूला ठेवावी लागली. ती यादी धरून आजही लोक संवाद कापत बसतात, याचं मला वाईट वाटते, कारण कापायला नको ते कापलं जाते आणि अडणारं तसंच राहून जाते.

मंडळ पाहते ती १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वं. त्यातली तीन तुमच्या कामाची आहेत. असभ्यता आणि अश्लीलतेनं माणसाच्या संवेदना दुखावू नयेत. हीन वृत्तीला चाळवणारे दुअर्थी शब्द नकोत. आणि कोणत्याही वंशाची, धर्माची वा इतर समूहाची तुच्छता करणारे शब्द नकोत. याच्या जोडीला, लोक वाचायचं विसरतात असं एक कलम आहे: सिनेमा त्याच्या एकूण परिणामावरून जोखायचा, आणि तो ज्या काळाचा, ज्या लोकांचा आहे त्यांच्या रीतीच्या उजेडात पाहायचा. वऱ्हाडी सिनेमासाठी हेच कलम सगळ्यांत मोलाचं. "आमच्याकडं आजा नातवाला असंच बोलतो" हे म्हणायला आधार तिथंच आहे.

वडसा_कंपनी
आमच्या झाडीपट्टीच्या नाटकाला तर संहिता आधी पाठवावी लागते, पानापानावर शिक्का येते. मागच्या हंगामात दोन शब्दांवर लाल रेघ मारून आली होती. पण प्रयोगात नट काय बोलते ते कोण पाहते बाप्पा! रात्री दोन वाजता लोकायले तेच पाहिजे असते. तुम्ही पण संहितेत सभ्य लिहून द्या अन् सिनेमात ठेवा.

रेवती_अमरावती
दादा, तुमचं मंडळ वेगळं. नाटकासाठी राज्याचं रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे, ते कागद वाचते. सिनेमाचं मंडळ केंद्राचं आहे आणि ते तयार सिनेमा पडद्यावर पाहते. संवादांची प्रत सोबत द्यावी लागते, पण निकाल कानांनी ऐकलेल्यावर आणि डोळ्यांनी पाहिलेल्यावर होते. कागदावर एक आणि पडद्यावर दुसरं निघालं तर उलट शंका वाढते. आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर काहीही बदललं तर ते मंडळाला कळवून नोंदवून घ्यावं लागते. नाटकासारखं रात्री दोनला बदलता येत नाही.

आता गजाननभाऊंची यादी एकेक घेऊ.

"लेकाच्या" आणि "साला" यांची काळजी करू नका. यूए १३+ ला हे अडत नाही. सहा असो की दहा, एका दृश्यात एकामागून एक कोंबले तरच कानाला टोचते.

आज्याचा "रांडीच्या" घ्या. वऱ्हाडात याचा अर्थ "अरे लबाडा" एवढाच उरला आहे. पण मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयात बसलेल्या परीक्षण समितीत चार सल्लागार सदस्य आणि एक परीक्षण अधिकारी असतात. मराठी सगळ्यांना येत असली तरी वऱ्हाडी कान असेलच असं नाही. त्यांना शब्दातली रांड ऐकू येते. त्यामुळं लाड आहे हे दृश्यातून दिसलं पाहिजे. आजा नातवाच्या डोक्यावरून हात फिरवतो का, पोरगं हसते का? तसं असेल तर पहिला "रांडीच्या" तिथंच ठेवा, सिनेमाच्या सुरुवातीला. पुढं सावकार तोच शब्द तोंडावर फेकतो तेव्हा फरक आपोआप कळते. तुमच्या पटकथेत हा क्रम उलटा असेल, म्हणजे आधी सावकार आणि मग आजा, तर मात्र आज्याचे दोन्ही शब्दही शिवीच वाटतील.

"भडव्या" आणि अर्धी शिवी यांत मला "भडव्या"ची जास्त भीती वाटते. कुणीतरी कुणाला तरी समोर उभं राहून, चिडून, पडदाभर चेहऱ्यानं म्हटलेलं आहे ते. पायावर जू पडलेला माणूस कुणालाच काही म्हणत नाही, वेदनेनं ओरडते. ब्रिटनचं मंडळही हाच फरक धरते: समोरच्यावर हल्ला म्हणून आलेला शब्द आणि नुसता तोंडून निसटलेला शब्द, दोन्ही एकच असले तरी त्यांचं वजन सारखं नसते. म्हणून तिवस्याच्या भाऊंचा सल्ला उलटा करा. अर्धी ठेवा, "भडव्या" बदला.

पट्टी_चार
ध्वनीकडून लिहितो. रेवतीताईंनी "बदला" म्हटलं ते बरं केलं, कारण निर्माते लगेच "म्यूट मारू" म्हणतात आणि तिथंच घोळ होतो.

सिनेमा सेकंदाला २४ चौकटी. "भडव्या" हा शब्द साधारण अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे १२ चौकटी. तुमचा आवाज चित्रीकरणाच्या जागीच घेतला असेल तर त्या पट्टीवर नुसता नट नाही, मागं जिनिंगचं यंत्रही आहे. ती पट्टी १२ चौकटी बंद केली की यंत्रही १२ चौकटी बंद पडते. प्रेक्षकाला भोक ऐकू येते, आणि भोक ऐकू आलं की जागेवरचा शब्द तो स्वतः भरतो. ओठ तर "भ" साठी मिटलेले दिसतातच. लपवायला गेलं आणि जास्त उघडं पडलं.

म्हणून तीन कामं करा. जिथं जिथं चित्रीकरण झालं तिथला नुसता वातावरणाचा आवाज निदान एक मिनिट घेऊन ठेवलेला असला पाहिजे. नसेल तर परत जाऊन घ्या. यंत्र चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही. संवाद कापला की त्याखाली हा आवाज पसरवा, दोन्ही टोकांना दोन-तीन चौकटी हळू मिसळत. मग बदली शब्द ओठांवरून निवडा. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात, बाकी कुठं मिटत नाहीत. म्हणून "भडव्या"च्या जागी "बावळ्या" बसते: सुरुवात मिटलेल्या ओठांनी, मग उघडा आकार, शेवटी "व्या" ऐवजी "ळ्या". "हलकटा" टाकलं तर पहिल्याच चौकटीला चोरी पकडली जाते. नटाला परत बोलवा, त्याच रागात म्हणवून घ्या. बसल्या बसल्या म्हटलेला शब्द उभ्यानं ओरडलेल्या वाक्यात बसत नाही, श्वासच वेगळा असते.

आणि शक्य असेल तर तिथं चेहरा बदला. त्याच दृश्यात ऐकणाऱ्याचा चेहरा किंवा पाठमोरा कोन असेल तर १२ चौकटींपुरता तो लावा. मग कोणताही शब्द बसते.

गजानन_आर्णी
पट्टी_चार, ऐकणाऱ्याचा चेहरा आहे आमच्याकडं! आणि जिनिंगचा आवाज परत घेता येईल, हंगाम चालू आहे.

क्रमही तपासला. आजा नवव्या मिनिटाला आहे, सावकार एकसष्टाव्या. ते बरं झालं. पण एक सांगायचं राहिलं, खाली इंग्रजी शीर्षकं आहेत, महोत्सवांसाठी. त्यात "रांडीच्या"चं भाषांतर तिन्ही ठिकाणी "वेश्येच्या पोरा" अशा अर्थाचं केलं आहे.

रेवती_अमरावती
हे आधी दुरुस्त करा! समितीसमोर शीर्षकांसकट प्रत गेली तर शीर्षकंही सिनेमाच आहेत. कानानं लाड ऐकू येते आणि डोळ्यांनी वेश्येचं पोर वाचलं जाते. मग सदस्य वाचलेल्या शब्दावर शेरा लिहितो, कारण तो कागदावर उतरवायला सोपा. बोलीतली शिवी जितकी झिजलेली असते तितकी भाषांतरात पुन्हा धारदार होते. आज्याच्या दोन्ही ठिकाणी "लबाडा" अशा अर्थाचा शब्द घाला, सावकाराच्या ठिकाणी कडक राहू द्या.

पोट्टा_तिवस्याचा
एवढी कटकट कायले? सरळ ए घ्या ना. ए मध्ये सगळं चालते.

रेवती_अमरावती
जवळपास खरं आहे, पण दोन ठिकाणी चुकते.

एक, मार्गदर्शक तत्त्वं ए लाही लागू आहेत. 'बँडिट क्वीन'च्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की शहरात, गावात, खेड्यातल्या रस्त्यावर रोज ऐकू येणाऱ्या शिव्यांचा फार बाऊ करू नये, सिनेमात आल्या म्हणून कुणा प्रौढाला त्या वापरायचा मोह होणार नाही. हा मोठा आधार आहे. पण शब्द "प्रौढ" असा आहे. ज्यांना ए हवा त्यांना तो उपयोगी, यूए मागणाऱ्याला तेवढा नाही.

दुसरं, ए झालं की १८ खालच्या पोराला बापासोबतही आत घेता येत नाही. यूए १३+ मध्ये तो आकडा पालकांसाठी सूचना आहे, पोरगं अकराचं असलं तरी माय-बापानं ठरवायचं. २०२३ च्या दुरुस्तीनं यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले ते याचसाठी. जत्रेतल्या तंबूला हा फरक फार मोठा पडते, अर्धं गाव लेकरं कडेवर घेऊन येते. आणि ए चा सिनेमा टीव्हीवर तसा दाखवता येत नाही, त्यासाठी पुन्हा कापून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागते. म्हणजे जे काम आता टाळलं ते पुढं करावंच लागते, आणि तेव्हा नट पांगलेले असतात.

जुना_मास्तर
हातपंपावरच्या दुअर्थी वाक्याबद्दल कुणी बोललं नाही. ते वाक्य नेमकं काय आहे?

गजानन_आर्णी
मास्तर, सासू सुनेला म्हणते, "हापश्याचा दांडा नीट धर, नाहीतर रात्रभर कोरडीच राहशील." बाकीच्या बायका हसतात.

रेवती_अमरावती
यात एकही वाईट शब्द नाही, आणि तरी यादीतल्या सगळ्या "साला"पेक्षा हे जास्त अडू शकते. इथं मोजायला काहीच नाही, सगळं वजन हसण्यात आहे. बायका हसल्या की दुसरा अर्थ पक्का झाला. कॅमेरा सुनेच्या लाजण्यावर गेला तर आणखीच. वाक्य ठेवून हसणं काढलं तर कदाचित कुणी थांबणारही नाही. पण मग दृश्यात काय उरलं, हे दिग्दर्शकानं ठरवावं. आमच्याकडच्या बायका पाण्यावर असंच बोलतात आणि ते आपसातलं आहे, कुणा बाईला हिणवणारं नाही. मी असते तर ठेवलं असतं आणि समितीसमोर बोलले असते.

बोलायची संधी मिळते, हे लक्षात असू द्या. सिनेमा चालू असताना अर्जदाराला आत बसता येत नाही, पण त्यानं जवळपास हजर राहायचं असते. सदस्य आपापले शेरे लिहून देतात, मग कात्री किंवा वरचं प्रमाणपत्र सुचवलं असेल तर बोलावून ऐकून घेतात. तिथं "आमच्या कलेचं स्वातंत्र्य" सुरू केलं की वेळ गेला. वेळ, पात्र आणि कारण सांगा: "नववं मिनिट, आजा, नातवाला उचलताना." अशी एकपानी यादी हातात ठेवा. कुठल्या मिनिटाला, कोण कुणाला, शब्द काय, सूर कसा, चेहरा जवळ की दूर, खाली शीर्षकात काय. आणि प्रत्येक शब्दापुढं तुम्ही स्वतः काय सोडायला तयार आहात ते आधीच ठरवून या.

निकाल पटला नाही तर पुढं पुनरीक्षण समिती आहे. त्यानंतरचं अपिलाचं न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झालं, आता थेट उच्च न्यायालय. छोट्या निर्मात्याला ते परवडत नाही, म्हणून पहिल्या समितीसमोरच काम नीट झालं पाहिजे.

पट्टी_चार
एक भर. कात्रीचं पत्र आलं की त्यात वेळ आणि "म्यूट" की "बदला" हे लिहिलेलं असते. "बदला" असेल तर कोणता शब्द टाकला तेही द्यावं लागते, आणि बदललेला भाग परत दाखवावा लागते. पत्रात एकच जागा असली तरी तोच शब्द गाण्यात, झलकीत, मागच्या गर्दीच्या आवाजात कुठं राहिला का ते ऐका. गर्दीचा आवाज बहुतेक वेळा विसरतो. भांडणात मागं उभे गावकरी काय काय ओरडून गेले ते कुणी लिहिलेलंच नसते.

जुना_मास्तर
आता सगळ्यांत अवघड राहिलं. सावकाराच्या तोंडी जातीचं नाव. ते काढा असं तुम्ही सगळे म्हणाल. मी म्हणतो काढू नका. सावकार तसा बोलतच होता. गावानं ऐकलं आहे ते. काढून टाकलं की सावकार नुसता कंजूष माणूस होते, आणि कास्तकाराचा राग कशावर आहे तेच कळत नाही.

रेवती_अमरावती
मास्तर, मला तुमचं पटते, पण या शब्दाचं गणित वेगळं आहे. बाकी शिव्या वयाच्या पायऱ्यांवर वर सरकतात. १३+ ला नाही चालली तर १६+ ला चालते, तिथं नाही तर ए ला. जातीचं नाव शिवी म्हणून आलं की ते समूहाच्या तुच्छतेच्या कलमात जाते, आणि ते कलम कोणत्याच वयाला सोडत नाही. ए घेऊनही म्यूट येऊ शकते.

जुना_मास्तर
पण तुम्हीच वर लिहिलं, एकूण परिणामावरून जोखायचं. सिनेमाचा परिणाम जातीच्या विरोधात आहे. मग तुच्छता सिनेमा करतो की सावकार?

रेवती_अमरावती
हाच युक्तिवाद करायचा आहे, आणि तो खरा आहे. पण त्याला सिनेमात काहीतरी दाखवावं लागते. सावकार म्हणाल्यावर कुणी उत्तर देते का? दृश्य तिथं थांबते का? की पुढच्या क्षणी वाजंत्री सुरू होऊन सिनेमा पुढं पळते? गजाननभाऊ, त्या दृश्यानंतर काय आहे?

गजानन_आर्णी
त्यानंतर कास्तकार काहीच बोलत नाही. गमछा झटकून उठते, आणि त्याचं पोरगं सावकाराकडं बघत राहते. सहा-सात सेकंद. मग कट.

पट्टी_चार
ते सहा-सात सेकंद लांबवता येतील का? तुमच्याकडं शॉट किती लांबीचा आहे?

गजानन_आर्णी
चौदा सेकंदांचा आहे.

पोट्टा_तिवस्याचा
मले वाटते नावाच्या जागी "तुमची जात" एवढंच म्हणवून घ्या. नाव नाही, पण समजते सगळ्यांले.

जुना_मास्तर
समजते, पण दुखत नाही. तिवस्याच्या पोरा, नाव घेतल्यावर जे होते ते "तुमची जात"नं होत नाही. हे मी पडद्याबद्दल नाही, गावाबद्दल सांगतो.

रेवती_अमरावती
दोन्ही प्रती तयार ठेवा. नावासह, पोराच्या चौदा सेकंदांसकट, ती समितीला दाखवा. "तुमची जात" हे वाक्य त्याच नटाकडून आताच, त्याच सुरात घेऊन ठेवा. म्यूट आलं तर भोक ठेवू नका, हे वाक्य "बदला" म्हणून मागून घ्या. मास्तरांना ते कमी वाटेल, मलाही वाटते. पण शब्द गेला तरी पोराची नजर जाणार नाही, तिला कात्री लावायला कलम नाही.

गजानन_आर्णी
सावकाराचं काम करणारा नट दिग्रसला राहतो. उद्याच फोन लावतो. जिनिंगचा आवाज शनिवारी.